दोघांनाही माहीत असलेलं एकमेकांना सांगणारे संवाद : हक्कसोडीचा एक प्रसंग नव्यानं लिहिताना

प्रश्न : माझ्या कथेत औसा तालुक्यातल्या एका गावातले भाऊ-बहीण हक्कसोडपत्रावरून बोलतात. वाचणारे म्हणतात, पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेलं सांगत बसलीत. पण ते काढलं तर वाचकाला कळणार कसं? उतारा देतोय, कसा सुधारू?

दत्ता : सुमन, तुला माहीतच आहे की आपले वडील दोन वर्षांपूर्वी वारले आणि औसा तालुक्यातली सहा एकर जमीन त्यांच्या नावावर आहे.
सुमन : हो दादा, त्यातली दोन एकर विहिरीखालची बागायत आहे. तुझा मुलगा अक्षय पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्या फीसाठी तुला बँकेचं कर्ज हवं आहे.
दत्ता : बरोबर. पण सातबाऱ्यावर तुझं आणि आईचंही नाव आहे, म्हणून बँकेला तुझं हक्कसोडपत्र हवं आहे. तुझ्या लग्नासाठी मी दीड लाखाचं कर्ज काढलं होतं आणि ते फेडायला मला पाच वर्षं लागली.
सुमन : मला ते माहीत आहे. पण माझे पती प्रकाश दारू पितात आणि मला दोन मुली आहेत, म्हणून मला माझा वाटा सोडता येत नाही.

उत्तर :

वाक्यं दुरुस्त करायला बसू नका. हा उतारा शब्द बदलून सुधारणार नाही, कारण बिघाड वाक्यांत नाही. दत्ता आणि सुमन एकमेकांशी बोलतच नाहीत, दोघंही वाचकाकडं तोंड करून उभे आहेत. त्यांना एकमेकांकडं वळवलं की निम्मी माहिती आपोआप गळते आणि उरलेली वेगळ्या रूपात परत येते.

आधी मोजदाद करा. पेन्सिल घेऊन उताऱ्यातल्या प्रत्येक सुट्या माहितीखाली रेघ ओढा. वडील वारले ही एक, दोन वर्षं झाली ही दुसरी, औसा तालुका तिसरी, असं करत गेलात तर चार संवादांत अठरा रेघा भरतात. आता प्रत्येक रेघेपुढं विचारा, ऐकणाऱ्याला हे आत्ता पहिल्यांदा कळतंय का? अठरांपैकी दोनच ठिकाणी उत्तर ‘हो’ येतं : बँकेला हक्कसोडपत्र हवंय हे सुमनला, आणि ती वाटा सोडणार नाही हे दत्ताला. बाकी सोळा गोष्टी दोघांना तोंडपाठ आहेत. ‘तुला माहीतच आहे’, ‘बरोबर’, ‘मला ते माहीत आहे’ हे तीन शब्दप्रयोग बघा. ते तुम्ही नाही घातले, पात्रांनी केलेली तक्रार आहे ती. असं वाक्य हातून उतरलं की तिथंच थांबायचं.

माहिती भरायच्या नादात आणखी एक चूक झालीय. दत्ता म्हणतो जमीन वडिलांच्या नावावर ‘आहे’, आणि दोन संवादांनंतर म्हणतो सातबाऱ्यावर तुझं नि आईचं नाव आहे. वारसाचा फेरफार मंजूर झाला की वडिलांचं नाव कमी होऊन वारसांची नावं लागतात. दोन्ही एका वेळी खरं नसतं. पात्र मनापासून बोलत असतं तर त्याच्या तोंडून ही चूक गेली नसती, कारण सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे हे शेतकऱ्याला झोपेतही सांगता येतं.

आता त्या अठरा गोष्टींची दुसरी चाळणी करा : वाचकाला *या पानावर* काय कळलंच पाहिजे? कथेत पुढं कधीतरी लागणाऱ्या गोष्टी इथं धरायच्या नाहीत. माझ्या मते इथं चारच गोष्टी लागतात. हे दोघं भाऊ-बहीण आहेत. भावाला बहिणीची सही हवी आहे आणि ती जमिनीबाबत आहे. बहीण आपलं काहीतरी देणं लागते असं भावाला वाटतं. आणि बहिणीची ओढाताण आहे. सहा एकर, दोन एकर, पुणे, इंजिनिअरिंग, पाच वर्षं, नवऱ्याचं नाव, यांतलं काहीही या पानावर आलं नाही तरी कथा अडत नाही. नवे लिहिणारे बहुतेक इथंच फसतात. गोष्टीची सगळी पाळंमुळं त्यांना पहिल्याच प्रसंगात दाखवायची असतात. वाचक बिचारा तेवढं मागत नसतो. त्याला पुढचं पान उलटायला पुरेल एवढं हवं असतं.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिला वेळ द्या. प्रत्येक पात्राला समोरच्याकडून या घटकेला काय हवंय, ते एका वाक्यात लिहून काढा. ‘न्याय हवाय’, ‘समजून घ्यायला हवंय’ असलं पुसट काही नको. हातात धरता येईल असं लिहा. दत्ताला हवंय की सुमननं अमुक दिवशी औशाच्या रजिस्ट्री ऑफिसात येऊन सही करावी. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, ते लिहून देणाऱ्यानं दुय्यम निबंधकापुढं कबुली द्यावी लागते, त्यामुळं तिच्या येण्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे प्रसंगाला एक तारीख मिळाली. सुमनला काय हवंय? तुम्ही लिहिलंय की तिला वाटा ठेवायचाय. ते खरं, पण तिला त्याहून जास्त काहीतरी हवंय : तोंडानं ‘नाही’ न म्हणता वाटा ठेवायचाय. कारण ‘नाही’ म्हटलं की माहेर तुटतं. दिवाळीचं बोलावणं, साडीचोळी, पोरींना मामाचं गाव, सगळं त्या एका शब्दाला लटकलंय. ही गोष्ट या प्रसंगातली सगळ्यात मोठी आहे, दोघांनाही माहीत आहे, आणि तुमच्या उताऱ्यात ती कुठंच नाही. अठरा गोष्टी सांगितल्या आणि जी एक सांगायची गरज नव्हती पण जाणवायला हवी होती ती राहून गेली. माहितीनं भरलेल्या संवादाचं खरं नुकसान हे असतं. कंटाळा त्यानंतर येतो.

पुढची पायरी, त्यांना नुसतं समोरासमोर बसवू नका. हाताला काम आणि पायाखाली जागा द्या. तुमची कथा लातूर भागातली आहे, मग हा प्रसंग येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात का होऊ नये? मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं घरदार शेतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. लेकी माहेरी येतात. मुख्य म्हणजे ज्या जमिनीवरून बोलणं चाललंय ती डोळ्यांसमोर पसरलेली आहे. ‘विहिरीखालची दोन एकर’ हे बैठकीच्या खोलीत बसून सांगावं लागतं, शेतात त्यासाठी मान वळवली तरी पुरते. उगीच सण घालायचा म्हणून घालू नका मात्र. त्या दिवशी रीतीप्रमाणं काय काय होतं याचं वर्णन सुरू केलंत तर संवादातली माहिती काढून निवेदनात भरल्यासारखं होईल. एखादं भांडं, एखादा घोट, बास.

आता पूर्ण उतारा असा लिहून बघितला :

---

माणसं जेवून पांगली होती. सुमन कोपीत भांडी गोळा करत होती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, त्याला ही दुसरी येळवस.

“आंबील राहिली का गं?” दत्ता दारात वाकला.

“तळाला हाय. घे.”

त्यानं उभ्यानंच तांब्या तोंडाला लावला. “सोमवारी औशाला यायचंय तुला. आधार घेऊन ये.”

“सोमवारी पोरीची परीक्षा हाय.”

“कुनाची?”

“धाकटीची.”

“मग मंगळवारी. बँकवाला बुधवारपस्तोर थांबतो म्हनला.”

“मायची बी सही हाय का?”

“मायचं काय. अंगठा हाय, कवाबी.”

सुमननं ताटं एकात एक घातली. “अक्षयचं किती भरायचंय?”

“लाखभर. हॉस्टेल येगळं.”

“म्हंजे माझ्या लग्नाएवढं.”

“लग्नाला दीड लागले.”

“पाठच हाय तुला.”

“फेडलेत मी. पाठ असनारच.” त्यानं तांब्या खाली ठेवला. “दाजी का आले न्हाईत?”

“पाय दुखायलाय त्यांचा.”

“पाय?”

“पायच.”

दत्ता काही बोलला नाही. सुमन बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून विहिरीकडं बघत राहिली. “औंदा हरभरा भारी हाय खालचा.”

“तुझी वहिनी उद्या लातूरला चालली,” दत्ता म्हणाला. “तुला साडी कसली आणू, म्हनत हुती.”

“मला नको साडी.”

“नको?”

“पोरींला आन म्हनावं काहीतरी.”

---

यात काय काय झालं ते ओळीओळीनं बघू, कारण पुढचे प्रसंग तुम्हाला स्वतःच असे लिहायचे आहेत.

नातं कुठंही ‘सांगितलेलं’ नाही. ते ‘दाजी’, ‘माय’, ‘तुझी वहिनी’ या हाकांतून आलं. मराठीत लिहिणाऱ्याला ही सोय फुकट मिळालेली आहे. आपल्याकडं माणूस समोरच्याला कसा हाक मारतो, अरे-तुरे करतो की अहो-जाहो, यातून वय, नातं, मान, सासर की माहेर, एवढं सगळं एका शब्दात कळतं. ती सोडून ‘आपले वडील’, ‘माझे पती प्रकाश’, ‘तुझा मुलगा अक्षय’ असं लिहिलं की दोन्हीकडून तोटा. सख्खा भाऊ बहिणीशी बोलताना ‘आपले वडील’ म्हणणार नाही, अण्णा किंवा दादा किंवा जे घरात म्हणत असतील ते म्हणेल. आणि नवऱ्याचं नाव घेऊन बहीण भावापुढं बोलणार नाही, ‘त्यांचा’, ‘घरी’ यावर भागवेल. ‘प्रकाश’ हे नाव या उताऱ्यात मला कुठंच बसवता आलं नाही, म्हणून सोडून दिलं. पुढं ते लागणार असेल तर कथेत दारात कुणीतरी हाक मारेल किंवा एखाद्या कागदावर येईल. त्याची घाई नको.

दीड लाखाचा आकडा बघा. तो राहिला, पण आता दत्ता माहिती म्हणून देत नाही. सुमन मुद्दाम ढोबळ बोलली आणि त्याला ती चूक सहन झाली नाही. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट उच्चारायचा हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे : एकानं ती थोडी चुकीची, थोडी कमी-जास्त, आपल्या सोयीची सांगावी आणि दुसऱ्यानं ताडकन दुरुस्त करावी. माणसं एकमेकांना माहीत असलेलं अजिबात बोलत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घरातली निम्मी भांडणं जुन्याच गोष्टींवर चालतात. पण तिथं कुणी कुणाला ‘कळवत’ नसतं. ऐकवत असतं, हिशोब लावत असतं, टोमणा मारत असतं, किंवा त्या घटनेची आपलीच आवृत्ती खरी म्हणून भांडत असतं. म्हणून परीक्षा एवढीच : हे वाक्य ऐकून समोरच्याला काही टोचतं का, काही द्यावं-घ्यावं लागतं का? टोचत असेल तर माहीत असलेली गोष्टही खुशाल बोलू द्या. नसेल तर काढा.

नवऱ्याची दारू ‘पायच’ या एका शब्दात आहे. इथं मला जरा शंका होती, कारण काही वाचकांना ते पहिल्या वाचनात कळणार नाही. पण दत्ताला कळलंय हे तर सगळ्यांना कळतं. कारण तो गप्प बसतो. काहीतरी लपवलं जातंय एवढं या पानावर पुरे, दारू पुढच्या पानावर उघड झाली तरी चालेल. तुम्हाला ती इथंच हवी असेल तर दत्ताच्या तोंडी “सकाळपासूनच?” एवढं घाला. ‘दारू’ हा शब्द मात्र भावापुढं तिच्या तोंडी नको, तिची अब्रू त्यात आहे.

मग साडी. तीच या प्रसंगाचा कणा आहे. दत्ता धमकी देत नाही, साडीची गोष्ट काढतो. सुमन ‘नाही’ म्हणत नाही, साडी नाकारते आणि लगेच पोरींसाठी मागून घेते. म्हणजे माहेर ठेवायचंय पण किंमत म्हणून साडी नको. तिनं हरभऱ्याचं नाव काढलं तेव्हाच खरं उत्तर देऊन झालं होतं. मूळ उताऱ्यातलं ‘मला माझा वाटा सोडता येत नाही’ हे वाक्य त्यामुळं गरजेचं राहिलं नाही. ठेवलं असतं तर प्रसंग तिथंच संपला असता, आणि मंगळवारी ती औशाला येते की नाही याची वाट बघायला वाचकाकडं कारण उरलं नसतं.

आणि ते एक निवेदनाचं वाक्य : ‘वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, त्याला ही दुसरी येळवस.’ वडील नाहीत, वारस तीन, जमीन सामाईक, काळ साधारण दोन वर्षं, सगळं एका ओळीत बसलं. कथाकाराला निवेदक आहे, त्याचा उपयोग करायला लाजू नये. अलीकडं ‘सांगू नका, दाखवा’ असं इतक्यांदा कानावर येतं की लोक साधी माहितीसुद्धा पात्रांच्या तोंडी कोंबतात, वर म्हणतात आम्ही दाखवलं. संवादात कोंबलेली माहिती दाखवणं नसतं, ते निवेदनच असतं, फक्त अवतरणचिन्हांत. एखादं सरळ वाक्य लिहून मोकळं होणं शंभरदा बरं. मर्यादा एवढीच पाळा की असं वाक्य प्रसंगाच्या सुरुवातीला, बोलणं तापायच्या आत यावं, आणि सलग दोन-तीन वाक्यांपुढं जाऊ नये. भांडण ऐन रंगात असताना मध्येच निवेदक आला तर वाचकाला तो नकोसा होतो.

पुनर्लेखनात लोक कुठं कुठं घसरतात तेही सांगतो.

पहिली पळवाट म्हणजे विधानाचा प्रश्न करणं. “अण्णा जाऊन दोन वर्षं झाली, नाही का?” “हो ना, दोन वर्षं झाली.” यात काही बदललं नाही. प्रश्नचिन्ह आलं म्हणून ते विचारणं होत नाही. विचारणाऱ्याला उत्तर खरोखर हवं असेल तरच तो प्रश्न. वर सुमन विचारते, “मायची बी सही हाय का?” तिला ते खरंच जाणून घ्यायचंय, कारण माय सही करत असेल तर ती एकटी पडते. तिच्या प्रश्नातून आईचंही नाव आहे हे वाचकाला कळलं, पण तो त्या प्रश्नाचा हेतू नव्हता.

दुसरी पळवाट, अनभिज्ञ पाहुणा. पुण्याहून आलेला मित्र, अक्षयची मैत्रीण, सर्वेक्षणाला आलेला विद्यार्थी. त्याला काहीच माहीत नाही, म्हणून सगळे त्याला सांगतात. हे चालतं, पण एका अटीवर : त्या पाहुण्यालाही काहीतरी हवं असलं पाहिजे आणि त्याला सांगण्यात सांगणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलं पाहिजे. परक्यासमोर घरची गोष्ट सांगताना माणूस ती सजवतो, लपवतो, दुसऱ्याच्या पदरात घालतो. दत्ता पाहुण्याला सांगेल, “बहिनीला आम्ही काही कमी केलं न्हाई,” आणि आत चहा गाळणारी सुमन ते ऐकेल. तिथं पाहुणा कामाला आला. नुसती माहिती घ्यायला आलेला पाहुणा माहिती संपली की कथेत अवघडून बसून राहतो, आणि त्याला घरी कसं पाठवायचं हा लेखकापुढं नवाच प्रश्न उभा राहतो.

तिसरं, उलट टोक. माहिती काढायची धुंदी चढली की सगळंच काढलं जातं आणि उरतात नुसती तुटक वाक्यं. “येशील?” “बघते.” “बघ.” हे खोल वाटतं, असतं पोकळ. यावर उपाय म्हणून कथा न वाचलेल्या एखाद्याला फक्त हा उतारा द्या आणि तीन गोष्टी विचारा : हे एकमेकांचे कोण, कुणाला काय हवंय, आणि आडवं काय येतंय? पहिल्या दोहोंची उत्तरं अचूक यायला हवीत. तिसऱ्याचं उत्तर अर्धवट किंवा थोडं चुकलेलं आलं तरी चांगलंच, वाचक अंदाज बांधतोय म्हणजे तो कथेत आहे. पण पहिल्याच प्रश्नाला तो मागं पान उलटून नावं शोधायला लागला तर तुम्ही जास्त छाटलंय. एखादी हाक परत घाला. ‘तुम्हाला आवडलं का’ हे मात्र विचारू नका, त्याच्या उत्तरातून काही हाती लागत नाही.

बोलीबद्दल थोडं. मूळ उतारा पुस्तकी मराठीत आहे आणि माहितीचा भार पुस्तकी भाषेत सहज खपतो, म्हणून तो तुमच्या लक्षात आला नसावा. ‘त्यांच्या नावावर सहा एकर जमीन आहे’ हे वाक्य लातूरच्या बोलीत मोठ्यानं बोलून बघा. बहीण समोर असताना ते तोंडातून निघतच नाही. त्यामुळं कथा शेवटी प्रमाण भाषेत ठेवायची असली तरी पहिला खर्डा बोलीत लिहा, खोटं वाक्य तिथं लगेच उघडं पडतं. मग बोली किती ठेवायची हे नंतर ठरवा. मी ‘हाय’, ‘म्हनला’ असे सहज कळणारे उच्चार आणि ‘दुखायलाय’, ‘औंदा’, ‘पस्तोर’ एवढ्यावर थांबलो. प्रत्येक शब्दाचा उच्चार पकडायला गेलं तर मराठवाड्याबाहेरचा वाचक अक्षरं लावत बसतो आणि साडीची गोष्ट त्याच्या हातून निसटते.

हीच गोष्ट एकांकिकेसाठी लिहीत असाल तर निवेदकाचं ते एक वाक्य तुम्हाला मिळणार नाही, आणि तिथं वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडं बघून बोलायचा मोह होतो. तो आवरा, फार वापरून झालाय. त्यापेक्षा दत्तानं आल्या आल्या कागद काढावा आणि सुमननं तो हातात न घेता विचारावं, “अण्णांच्या नावाला रेघ मारली व्हय हितं?” नाव कमी झाल्याचं दुःख आणि माहिती दोन्ही एकदम येतात.

आता उरलेल्या गोष्टी : सहा एकर, बागायतीचं क्षेत्र, पुणे, इंजिनिअरिंग, फेडीची पाच वर्षं. त्या फेकू नका, एका चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि ज्या प्रसंगात कुणाला तरी त्या *लागतील* तिथवर थांबा. पुणे आणि इंजिनिअरिंग अक्षयचा फोन आला की येईल. पाच वर्षं वहिनीसाठी ठेवा. नवऱ्यानं फेडलेलं कर्ज नवऱ्यापेक्षा बायकोला जास्त लक्षात असतं, आणि सुमनला साडी नको हे कळलं की ती ते बोलल्याशिवाय राहणार नाही.

क्षेत्राचा आकडा रजिस्ट्री ऑफिससाठी राखून ठेवा, सुमन मंगळवारी तिथं गेली असं तुम्ही ठरवलंत तर. सगळ्यांना माहीत असलेलं मोठ्यानं बोलावंच लागतं अशी ती जागा आहे. तुमचं नाव काय, दस्तातला मजकूर मान्य आहे का, सही तुमचीच का, मोबदला घेतला का. उत्तरं सगळ्यांना ठाऊक असतात, तरी ती सुमनच्याच तोंडून यावी लागतात, आणि प्रत्येक ‘हो’ला तिचं काहीतरी जातं. माहितीनं भरलेला संवाद लिहायची तुमची हौस तिथं पुरेपूर फेडता येईल. फक्त एक लक्षात असू द्या : दस्तात एकर नसतात, हेक्टर-आर असतात. कारकून ‘दोन हेक्टर त्रेचाळीस आर’ असं वाचेल, आणि ती अण्णांची सहा एकर आहेत हे सुमनला दत्ताला विचारून घ्यावं लागेल.